पान दोनशे चौदा

आमच्या कॉलेजात भेगामास्तरांना खऱ्या नावानं ओळखायचं ते फक्त पगारपत्रक. बायकोसुद्धा त्यांना 'अहो' म्हणायची. बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी भेगामास्तर, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. कुठेही गेले की आधी भिंतीकडे बघायचे. भेग दिसली की अंगठ्याचं नख तिच्यात घालून बघायचे. प्रयोगशाळा सहायकाच्या मुलीच्या लग्नात सगळे जेवणाच्या रांगेत आणि हे हॉलच्या मागच्या भिंतीशी उकिडवे. मुलीच्या बापाला बाजूला बोलावून म्हणाले, "ही भेग खालून वर आलेली आहे. म्हणजे पाया हललाय." त्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, मुलीच्या सासरचंच काहीतरी निघालं.

मास्तर आमच्याकडे मातीचा विषय शिकवायचे. ना पदविकेच्या वर्गावर, ना पदवीच्या, मधलीच कुठलीतरी जुनी नेमणूक, आणि तिच्यातच बत्तीस वर्षं काढली. अंगात नेहमी फिका शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि दुमडीत हमखास वाळलेली काळी माती. ग्रंथालयात आले की माझ्या टेबलावर ती सांडायची. मी ओरडायचे. ते म्हणायचे, "बाई, ही चांगली माती आहे."

मी ग्रंथालयात बसते, ग्रंथपालांच्या हाताखाली. माझं काम संदर्भ तपासण्याचं. विद्यार्थ्याचा प्रबंध बांधणीला जायच्या आधी माझ्याकडे येतो. शेवटची संदर्भसूची मी बघते, नावं, वर्षं, पानं, स्वल्पविराम, तिरकी अक्षरं. सगळं जागच्या जागी असलं की 'संदर्भ तपासले' असा शिक्का मारते आणि खाली सही करते. एकोणीस वर्षं हेच करते आहे. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नये.

आता मास्तरांच्या खुंटांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यांच्यावरून झालं.

वर्कशॉपच्या मागे एक मोकळा तुकडा होता. तिथे मास्तरांनी आठ लोखंडी खुंट रोवले होते, प्रत्येक वेगळ्या खोलीवर. कुणी अर्ध्या मीटरवर, कुणी दीडवर, कुणी तीनवर. शिवाय एक खूप खोल नेलेला, खालच्या दगडात घट्ट बसवलेला. तो हलत नाही, म्हणून बाकीच्यांची उंची त्याच्याशी ताडून बघायची. आमच्याकडची माती काळी, चिकट. ओल आली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यावरची घरं तिच्याबरोबर वरखाली होतात. किती होतात, कुठल्या खोलीपर्यंत होतात, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणजे मातीबद्दल पुस्तकं ढीगभर, पण आमच्या गावच्या मातीबद्दल एकही नाही. ते फक्त मास्तरांना माहीत होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला ते पातळी बघायची दुर्बीण लावून आठही खुंट मोजायचे. बावीस वर्षं मोजत होते. मुलाच्या लग्नाच्या दिवशीही मोजून मग कार्यालयात गेले, आणि वहिनी त्यावरून त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

या नोंदींचा सारांश मास्तर दरवर्षी एका कागदावर काढायचे, दोन्ही बाजूंनी, आणि वर्गात झेरॉक्स वाटायचे. वर मथळा, 'काळ्या मातीची हालचाल : आठ खुंटांच्या नोंदी'. खाली तक्ता. बस. नाव नाही, तारीख नाही, कॉलेजचं नावसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "मास्तर, यावर नाव का घालत नाही?"

"मी काय केलं बाई? मातीनं सांगितलं, मी लिहून घेतलं."

याला काय म्हणावं! नम्रपणा म्हणून लोक कौतुक करायचे. मला तेव्हाही तो शुद्ध वेडेपणा वाटला होता आणि आता तर त्याचा रागच येतो.

तर एक दिवस सूचनाफलकावर कागद लागला. वर्कशॉपमागची जागा गाड्या लावायला घ्यायची. खुंट ठेवायचे असतील तर व्यवस्थापनाच्या समितीला पुरावा हवा, की या नोंदींचा कुणी अभ्यासात उपयोग केला आहे. कमीत कमी तीन प्रबंध किंवा लेख दाखवा, ज्यांच्या संदर्भसूचीत या नोंदी आहेत. मुदत दोन महिने.

मास्तर निवांत होते. मला म्हणाले, "तीन? अहो, दरवर्षी कुणी ना कुणी तो तक्ता वापरतंच. तुम्ही जरा कपाटातून काढून द्या."

मीही हो म्हणाले. मला तरी कुठे माहीत होतं?

त्याच आठवड्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. जाड चष्मा, काखेत फायलींचा गठ्ठा, सारखी नाक पुसणारी. तिचा प्रबंध आमच्याच भागातल्या घरांच्या पायांवर होता, आणि तिचं सगळं गणित मास्तरांच्या एका आकड्यावर उभं होतं. अर्ध्या मीटरवर माती वर्षात चौतीस मिलिमीटर वरखाली होते, हा तो आकडा.

"मॅडम, याचा संदर्भ कसा द्यायचा?" तिनं टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. पहिली, विभागप्रमुखांच्या स्लाइडची छापील प्रत. विभागप्रमुख हे तिचे मार्गदर्शक, सगळे त्यांना साहेब म्हणतात. दुसरी, तिच्या मैत्रिणीची वही, वर्गात उतरवून घेतलेली. तिसरा मास्तरांचा झेरॉक्स.

मला असं कुणी विचारलं की बरं वाटतं. बहुतेक पोरं विचारतच नाहीत, काहीतरी ठोकून देतात. मी तिला खुर्ची दिली.

"आधी ही वही," मी म्हणाले. "यात काय लिहिलंय? त्रेचाळीस. कागदावर चौतीस, वहीत त्रेचाळीस. तुझ्या मैत्रिणीनं आकडा उलटा उतरवला. म्हणून वर्गातल्या वहीला संदर्भ मानत नाहीत. ती सरांची नसते, ऐकणाऱ्याची असते. वर्गात सर तोंडानं जे बोलले तेच वापरायचं असेल तर आधी त्यांना जाऊन विचारायचं, आपण असं म्हणालात का. ते हो म्हणाले की मजकुरातच कंसात लिहायचं, अमुक सर, वैयक्तिक संवाद, अमुक तारीख. संदर्भसूचीत नाही घालायचं, कारण वाचणाऱ्याला ते कुठे जाऊन बघता येणार?"

ती पटापट लिहून घेत होती. मी म्हटलं, बघ, आता ही माझ्या बोलण्याची वही झाली.

"ही स्लाइड. यावर साहेबांचं नाव आहे. पण तक्ता कुठला? खाली काही लिहिलंय? नाही. स्लाइडमध्ये जे असतं ते बहुतेक वेळा सरांनी कुठल्या तरी पुस्तकातून घेतलेलं असतं. तेव्हा त्या पुस्तकापर्यंत जायचं, पुस्तक वाचायचं आणि पुस्तकाचा संदर्भ द्यायचा. आणि स्लाइड कॉलेजच्या पासवर्डच्या आत आहे. बाहेरचा परीक्षक ती उघडणार कशी? आणि हा तक्ता साहेबांनी कुठून घेतला हे तुलाही माहीत आहे आणि मलाही."

"भेगामास्तरांकडून," ती म्हणाली आणि जीभ चावली.

"म्हणजे मूळ हा कागद. वर्गात वाटलेला कागद संदर्भ म्हणून चालतो. लेखक, वर्ष, मथळा, मग 'वर्गात वाटलेले टिपण, अप्रकाशित', मग विभाग आणि कॉलेज. पण यावर लेखक नाही, वर्ष नाही. जा मास्तरांकडे, नाव आणि तारीख लिहून घे. मग एक प्रत मला दे. मी ती ग्रंथालयात दाखल करून नंबर देते. म्हणजे उद्या कुणालाही हवी तर इथे येऊन बघता येईल. मग कुणाच्या बापाची हिंमत नाही संदर्भ नाकारायची."

तिचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. फायलीतून तिनं एक चिठ्ठी काढली. "पण साहेब म्हणाले, हे टाक. वर्गातला कागद चालत नाही म्हणाले. हेच सगळे टाकतात."

चिठ्ठीवर साहेबांचं अक्षर होतं. एका जाडजूड पुस्तकाचं नाव, आणि पुढे, पान २१४.

पुस्तक आमच्याकडे होतं. मी उठले, शिडी लावली, वरच्या फळीवरून ते काढलं. इतकी धूळ की दोघी शिंकलो. शेवटची तारीख बघितली तर कुणी ते नेल्याला चौदा वर्षं झालेली. पानं एकमेकांना चिकटलेली. नखानं सोडवत सोडवत दोनशे चौदावर आले.

तिथे सांडपाण्याच्या पाइपांचं चित्र होतं. दोन पाइप कसे जोडायचे. मातीचा म माहीत नाही त्या पानाला. मागे-पुढे दहा पानं बघितली, तिथेही पाइपच.

मुलीला म्हटलं, तू जा, मास्तरांची सही आण. ती गेली आणि मी जुन्या प्रबंधांचं कपाट उघडलं. मास्तरांचा तक्ता वापरलेले अकरा प्रबंध निघाले. बारा वर्षांतले. अकराही प्रबंधांत तक्ता जसाच्या तसा, चौतीस मिलिमीटर, आणि खाली संदर्भ तेच पुस्तक, पान दोनशे चौदा. सगळ्यात जुना प्रबंध साहेबांचाच, ते शिकत होते तेव्हाचा. त्यांनी पहिल्यांदा हे पान लिहिलं आणि पुढच्या दहांनी ते एकमेकांचं बघून उतरवलं. दहांपैकी एकानंही पुस्तक उघडलं नाही. गंमत म्हणजे, प्रत्येकाच्या आभाराच्या पानावर भेगामास्तर होते! 'मौलिक मार्गदर्शनाबद्दल शतशः ऋणी.' आभार मानायला काय जातं? पण जिथे नाव लिहिलं तर त्याची नोंद होते, तिथे पाइप.

मला शिसारी आली. आणि मग मी पहिल्या प्रबंधाचं शेवटचं पान उलटलं आणि तिथे निळ्या शाईत 'संदर्भ तपासले' आणि खाली माझी सही.

अकराही प्रबंधांवर. स्वल्पविराम बरोबर होते ना! नाव आधी, वर्ष कंसात, मथळा तिरका, पान शेवटी. मी तेवढंच बघितलं होतं. पुस्तक माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. एकोणीस वर्षं मी इतरांच्या आळसावर तोंडसुख घेत आले, आणि माझा आळस निळ्या शाईत बांधून कपाटात ठेवलेला.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पुस्तक उघडून समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, आणि जराही गडबडले नाहीत.

"अहो, त्या वेळी माझे परीक्षक अडून बसले होते. वर्गातला कागद संदर्भ होत नाही म्हणाले. दोन दिवसांत प्रबंध द्यायचा होता. टाकलं एक पुस्तक. कोण बघतंय?"

"मास्तरांचे खुंट जातायत साहेब. संदर्भसूचीत त्यांचं नाव नाही म्हणून. तुम्ही त्यांचेच विद्यार्थी ना?"

"म्हणून काय आता अकरा जणांच्या पदव्या उकरायच्या?" ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुम्ही स्वल्पविराम बघा. ते तुम्हाला चांगलं जमतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं काय बोलले ते? बारा वर्षं मी तेच केलं होतं.

उरलेल्या दहा जणांना मी पत्रं लिहिली. अगदी साधी मागणी. तुमच्या प्रबंधात एक दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू, तक्त्याचा मूळ स्रोत हा नसून तो आहे, खाली तुमची सही. तिघांची उत्तरं आली. एकानं फोनवर नुसता अंगठा पाठवला. दुसरा म्हणाला, बढतीचं चाललंय, ते झालं की बघू. तिसरी एका मोठ्या कार्यालयात इमारतींचे नकाशे तपासते, ती म्हणाली, "मॅडम, जुनं कशाला उकरता? सरांना माझा नमस्कार सांगा." नमस्कार! मी तो सांगितला नाही.

मास्तरांना सांगणं भाग होतं. ते आले, नेहमीसारखी माती सांडली, आणि मी अकरा प्रबंध उघडून ओळीनं मांडले. एकेकात डोकावत शेवटपर्यंत गेले. त्यांना वेळ लागला.

"पाइप?" ते म्हणाले.

"पाइप."

"पण आकडे बरोबर उतरवलेत हो सगळ्यांनी." आणि मग खाली बसले. "मला वाटायचं, वर्गात सांगितलं, पोरांनी वापरलं, म्हणजे पोचलं. आता कळतंय, पोचलं, पण माझ्याकडून पोचलं हे कुणाला सांगायचंच नव्हतं."

"तुम्हीच नाव घातलं नाहीत ना!" मी चिडले. "मातीनं सांगितलं म्हणे! मातीला समितीपुढे उभं करा आता! नाव असतं, तारीख असती, तर त्या मेल्याला पहिल्यांदाच पुस्तक शोधावं लागलं नसतं."

मी असं बोलायला नको होतं. पण ते खरं होतं, आणि ते उठून जायच्या ऐवजी मान हलवत राहिले.

समितीच्या बैठकीला मी न बोलावता गेले. लांबट टेबल, तीन माणसं, बिस्किटांची बशी. साहेबही होते. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "या नोंदींचा उपयोग झालाय का कुठे?"

"संदर्भसूच्या तपासल्या सर," साहेब म्हणाले. "एकाही प्रबंधात मास्तरांचा उल्लेख नाही."

शब्दन्‌शब्द खरा! मला वाटलं, ती बिस्किटांची बशी उचलून... जाऊ दे. मी उभी राहिले आणि पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं, शेजारी अकराही प्रबंध. सगळं सांगितलं. अकरा प्रबंध, एकच पान, आणि त्या पानावर पाइप. अध्यक्षांनी एक प्रबंध ओढून घेतला आणि शेवटचं पान उघडलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"इथे तुम्ही लिहून दिलंय, संदर्भ तपासले. आता म्हणताय, संदर्भ खोटे. आम्ही कुठलं खरं धरायचं?"

मी पुस्तक मिटलं. उत्तर होतं, पण ते दिलं तर अकरा पदव्या, एक विभागप्रमुख आणि एक ग्रंथालय सहायक, सगळ्यांचेच वाभाडे निघणार हे त्या तिघांनाही दिसत होतं. अध्यक्ष प्रबंध मिटून म्हणाले, "हा विषय इतिवृत्तात नको." पुढचा विषय पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा होता. मला बाहेर जायला सांगितलं.

एक आशा उरली होती, चष्मेवाली. तिनं मास्तरांकडून कागदावर सही आणली होती, तारीख आणली होती. मी तिची संदर्भसूची स्वतः लिहून दिली होती, लेखक, वर्ष, मथळा, वर्गात वाटलेले टिपण, अप्रकाशित, ग्रंथालय दाखल क्रमांक. एक प्रबंध म्हणजे तीन नव्हेत, पण निदान एक तरी. ते समितीपुढे ठेवून मुदत मागता आली असती.

पंधरा दिवसांनी तिचा प्रबंध माझ्याकडे आला. मी सरळ शेवटचं पान उघडलं. पान दोनशे चौदा.

ती समोर उभी होती. रडत नव्हती, पण चष्मा काढून सारखी पुसत होती. "मॅडम, साहेब सही देत नव्हते. म्हणाले, बाहेरचा परीक्षक विचारेल. मला पुढच्या आठवड्यात नोकरीवर हजर व्हायचंय. घरी सगळे माझ्यावर..." आणि मग घाईघाईनं, "पण आभारात सरांचं नाव आहे! अगदी पहिलं!"

मी शिक्का मारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. प्रबंध तसाच परत दिला. ती गेली आणि अर्ध्या तासात शिपाई तो घेऊन आला, वर साहेबांची सही, 'ग्रंथपालांच्या संमतीने'. शिक्का ग्रंथपालांनी मारला. त्यांनी पान उघडूनही बघितलं नाही, चहा पीत मारला.

खुंट काढले त्या दिवशी गुरुवार होता. मास्तर सातला आले, शेवटची नोंद घेतली, दुर्बीण पेटीत ठेवली आणि मजुरांना म्हणाले, "हा खोलातला निघायचा नाही, वरूनच कापा." मग माझ्याकडे आले. बावीस वर्षांची रजिस्टरं दोन पिशव्यांत होती. मी दाखल करायला घेतली.

"नाव घाला," मी म्हणाले. "प्रत्येकावर. मोठ्या अक्षरात."

त्यांनी घातलं. अक्षरं त्यांनी मोठी काढायची म्हणून काढली, पण सवय नसल्यामुळे वाकडी आली. त्यांचं खरं नाव इतकं मोठं लिहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं, 'माझे गुरू' म्हणून तीनदा म्हणाले आणि शाल दिली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात पदराखाली धरून बसले.

खुंटांच्या जागी डांबर झालं, पांढरे पट्टे आखले, गाड्या लागल्या. आणि दोन वर्षांत डांबराला भेगा पडल्या. आधी बारीक, मग बोट जाईल एवढ्या. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीलाही एक तिरकी भेग आली, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर. व्यवस्थापनानं बाहेरून एक सल्लागार इंजिनिअर बोलावला. साहेबांनी त्याला अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, इथली माती अर्ध्या मीटरवर वर्षात चौतीस मिलिमीटर हलते, पाहा, अमुक पुस्तक, पान २१४.

त्या माणसानं एक अजब गोष्ट केली. तो पुस्तक बघायला आला.

मी त्याला शिडी लावून दिली नाही, मीच चढले. पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं आणि उभी राहिले. त्यानं पान उघडलं. बराच वेळ पाइपांकडे बघत होता. मग पुस्तकाची पाठ बघितली, पुन्हा पान बघितलं.

"हे इथे नाहीये."

"नाही," मी म्हणाले. चौदा वर्षांत हे वाक्य बोलणारा पहिला माणूस होता तो, आणि मला भयंकर आनंद झाला. मी आतून मास्तरांची रजिस्टरं आणली. त्यानं खुर्ची ओढली आणि दुपारभर वाचत बसला. पाणी आणून दिलं तर प्यायलाही नाही. चारच्या सुमारास मान वर करून म्हणाला, "कोण हा माणूस? असलं काम मी कुठे बघितलं नाही. बावीस वर्षं सलग! यांना भेटता येईल?"

"येईल. जवळच राहतात. जाल तेव्हा आधी तुमच्या घराच्या भिंतींबद्दल विचारतील, रागावू नका."

तो हसला. मग शेवटचं रजिस्टर उलटून त्यानं कोरी पानं बघितली. "हे ठीक आहे. पण मला डांबर पडल्यानंतरचं हवंय. वर झाकण आलं की खालची ओल बदलते, माती वेगळी वागते. त्याशिवाय मी सांगूच शकत नाही की भिंत थांबेल की पडेल. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी कुठे आहेत?"

मी खिडकी उघडून त्याला गाड्या दाखवल्या. साहेबांची गाडी नेमकी तिसऱ्या खुंटाच्या जागेवर होती, एक चाक भेगेत.

"बंद केलं? एवढं चालू असलेलं काम?" त्याला खरंच राग आला होता. "कुणी बंद केलं?"

"बारा जणांनी," मी म्हणाले. "आणि तेरावी मी. लिहून घ्या, संदर्भ द्यायचा असेल तर नाव आणि तारीख दोन्ही देते."